आंट एडिथ मावशी की काकू?

प्रश्न: मी एक मोठी इंग्रजी कथा मराठीत करतोय. काळ १९३० च्या आसपासचा. टॉम हॅरिस नावाचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा सुट्टीत आंट एडिथकडे राहायला जातो. ती त्याच्यावर फार माया करते, म्हणून मी सगळीकडे ‘एडिथ मावशी’ लिहिलं. पहिला खर्डा वाचून माझी बहीण म्हणाली, ‘काकू’ बरं वाटेल. लेखकानं नातं कुठेच सांगितलेलं नाही. कोणता शब्द घेऊ? कथेची पानं आणि माझा खर्डा सोबत पाठवतोय. की ‘आंट’ किंवा ‘आंटी’ तसंच ठेवावं?

उत्तर:

ती मामी आहे. मावशी नाही आणि काकूही नाही. लेखकानं नातं सांगितलेलं नाही असं तुम्हाला वाटलं, कारण तुम्ही ते ‘आंट’ या शब्दाच्या आसपास शोधत होतात. तिथे ते सापडत नाही. पण तुमच्या कथेत ते चार ठिकाणी लिहिलेलं आहे, आणि चारही ठिकाणी ‘आंट’ हा शब्द नाही.

मी पुण्यात सत्तावीस वर्षं भाषांतराचं आणि भाषांतरं तपासण्याचं काम करते. या एका शब्दावर अडखळलेले खर्डे दर वर्षी माझ्याकडे येतात. बहुतेकांची चूक तुमच्यासारखीच असते. मुलाचं आणि बाईचं नातं कसं आहे, प्रेमळ की दुरावलेलं, हे बघून शब्द निवडला जातो. मायाळू असली की मावशी, शिस्तीची असली की आत्या, परकी वाटली की काकू. मराठीत हे शब्द स्वभावावरून ठरत नाहीत. मुलाच्या आईचं किंवा वडिलांचं त्या बाईशी काय नातं आहे, यावरून ठरतात. आईची बहीण ती मावशी, वडिलांची बहीण ती आत्या, वडिलांच्या भावाची बायको ती काकू, आईच्या भावाची बायको ती मामी. हे आपल्या सगळ्यांना पाठ असतं, पण भाषांतराला बसलं की डोळे मुलावर खिळतात. मुलाला क्षणभर बाजूला ठेवा. त्याच्या आईवडिलांकडे बघा आणि ‘ही बाई यांची कोण?’ एवढंच विचारा.

सुरुवात आडनावापासून करायची. तुमच्या कथेच्या काळातल्या इंग्लंडमध्ये बाई लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव लावायची, त्यामुळे आडनाव फार कामाला येतं. मुलगा हॅरिस आहे. आंटही हॅरिस असती, तर दोनच शक्यता उरल्या असत्या: लग्न न झालेली आत्या, नाहीतर काकू. आणि या दोघींतला फरक मिस की मिसेस एवढ्यावरच लागला असता. आंटचं आडनाव मुलाच्या आईच्या माहेरचं असेल, तरीही दोनच शक्यता: लग्न न झालेली मावशी किंवा मामी. इथेही मिस असेल तर मावशी, मिसेस असेल तर मामी. आणि आडनाव या दोन्हींहून वेगळं, तिसरंच असेल, तर ती लग्न झालेली आत्या किंवा लग्न झालेली मावशी. इथे आडनाव पुढे काही सांगत नाही, दुसरा पुरावा शोधावा लागतो.

तुमच्या कथेत दुसऱ्याच पानावर पोस्टमन दारात येतो आणि ‘मिसेस कार्टर’ म्हणून हाक मारतो. म्हणजे एडिथ ही एडिथ कार्टर. हॅरिस नाही, तेव्हा काकू गेली. तुमच्या बहिणीची सूचना इथेच संपते. आता जिन्यातल्या तसबिरीचं वर्णन वाचा. तिथे टॉम त्या म्हाताऱ्याला ‘ग्रँडफादर कार्टर’ म्हणतो. टॉम स्वतः हॅरिस, त्याचे आजोबा कार्टर. मग हे आईचे वडील झाले आणि कार्टर हे आईचं माहेरचं आडनाव. एडिथ त्याच आडनावाची, आणि मिसेस. म्हणजे मामीच.

इथे मी लगेच थांबत नाही, कारण त्या काळातल्या इंग्रजी घरांत एक फसवी गोष्ट होती. मोठ्या घरात कारभार बघणाऱ्या बाईला किंवा स्वयंपाकीणबाईला मानानं ‘मिसेस’ म्हणायचे, तिचं लग्न झालेलं नसलं तरी. एडिथ घरातलीच आहे, नोकर नाही, हे उघड आहे. तरी एका पुराव्यावर शंभर पानं उभी करू नयेत. दुसरा पुरावा आठव्या पानावर आहे. टॉमची आई नवऱ्याला घराबद्दल पत्र लिहिते, आणि त्यात एडिथला ‘माय सिस्टर-इन-लॉ’ म्हणते.

हा शब्द आंटइतकाच धूसर वाटतो, पण तो कोणाच्या तोंडी आहे हे पाहिलं की फार उपयोगी पडतो. आई जिला सिस्टर-इन-लॉ म्हणते ती तिची नणंद असेल, जाऊ असेल, किंवा भावजय असेल. मुलाच्या बाजूनं त्या अनुक्रमे आत्या, काकू आणि मामी. सख्खी बहीण त्यात येऊच शकत नाही. म्हणजे आईच्या तोंडी हा शब्द आला की मावशी बाद. उलट वडिलांच्या तोंडी तोच शब्द आला, तर ती त्यांची मेहुणी, भावजय किंवा मेहुण्याची बायको असेल, म्हणजे मुलाची मावशी, काकू किंवा मामी. तिथे आत्या बाद. आईनं म्हटलं की मावशी जाते, वडिलांनी म्हटलं की आत्या जाते, एवढं लक्षात ठेवलंत तरी अर्धं काम होतं. तुमच्या कथेत आडनावानं काकू आधीच काढली आहे, या पत्रानं मावशी काढली. आत्या उरते का ते बघू. वडिलांची बहीण लग्नानंतर कार्टर झाली असेल, तर तिनं टॉमच्या मामाशीच लग्न केलेलं असणार. म्हणजे साटंलोटं. ते कथेत असतं, तर लेखकानं नक्की सांगितलं असतं. उरली मामी.

तुम्हाला मावशी का वाटली, तेही मला दिसतं. पाचव्या पानावर एडिथ म्हणते की ‘तुझी आई आणि मी एकाच बाकावर बसायचो’. तुम्ही ते दोन बहिणींचं बालपण म्हणून वाचलंत. पण बहिणी सहसा एका इयत्तेत, एका बाकावर नसतात. त्या मैत्रिणी होत्या. मैत्रिणीनं मैत्रिणीच्या भावाशी लग्न केलं. आपल्याकडेही हे घडतं, आणि अशा घरात मैत्रीण एका दिवसात वहिनी होते. दोघींमधला जो ताण लेखक पुढे दाखवतो, तो इथून आलेला आहे. ज्या घरात एक लहानाची मोठी झाली, त्या घराच्या किल्ल्या आता दुसरीच्या कमरेला आहेत. मावशी लिहिल्यावर हा ताण नाहीसा होतो. दोन बहिणी वडिलांच्या घरावरून भांडतायत, एवढंच उरतं, आणि वाचकाला कळत नाही की एवढं बोचलं काय. ‘मामी’ लिहिलंत की नणंद-भावजय हे नातं आपोआप समोर येतं. मराठी वाचकाला त्यापुढे काहीही समजावून सांगावं लागत नाही.

आता या एका शब्दामागून बाकीचे शब्द कसे बदलतात ते बघा, कारण खरी पडताळणी तिथे होते. तुम्ही ‘ग्रँडफादरचं घर’ याला ‘आजोबांचं घर’ लिहिलंय. आईच्या वडिलांचं घर म्हणजे आजोळ. टॉम सुट्टीत आजोळी जातो. तुमच्या पहिल्याच वाक्यात ‘आजोळ’ हा शब्द आला, तर वाचक आईच्या माहेरच्या बाजूला जाऊन बसतो, आणि दोन ओळींनंतर येणाऱ्या ‘एडिथमामी’त त्याला काही खटकत नाही. अंकल जॉर्ज, ज्याच्या कबरीवर ती फुलं ठेवते, तो मामा. तुम्ही त्याला ‘काका’ लिहिलंय, आणि पुण्याच्या सवयीनं ते अगदी साहजिक आहे. आपल्याकडे मावशीच्या नवऱ्यालाही काका, आत्याच्या नवऱ्यालाही काकाच म्हणतात. पुण्याबाहेर काही भागांत मावशीच्या नवऱ्याला मावसा म्हणतात, जुन्या पिढीत आत्याच्या नवऱ्याला आतोबा म्हणत. शहरात ते दोन्ही शब्द मागे पडले आणि काका सगळीकडे पसरला. म्हणून तुम्ही मावशी धरलीत तेव्हा काका बरोबर होतं. मामी धरल्यावर ते चुकीचं आहे. हॅरी हा कझिन तुमच्या खर्ड्यात ‘मावसभाऊ’ आहे, तो ‘मामेभाऊ’ होईल.

एडिथ पाद्र्याशी टॉमची ओळख करून देताना ‘नेफ्यू’ म्हणते. तुम्ही ‘पुतण्या’ लिहिलंय. आपल्याकडे चौघींपैकी फक्त काकू ‘पुतण्या’ म्हणेल, कारण तो तिच्या दिराचा मुलगा. मावशी, आत्या आणि मामी तिघीही ‘भाचा’ म्हणतात. म्हणजे मावशी धरूनसुद्धा तुमचा पुतण्या चुकलाच होता. खर्डा तपासताना मी नेहमी हेच आधी बघते. एका पानावर मावशी आणि दुसऱ्या पानावर पुतण्या दिसला, की भाषांतर करणाऱ्यानं प्रत्येक शब्द सुटा सुटा सोडवला आहे, मनात कुटुंब उभं केलेलं नाही, हे कळतं. अशा वेळी मी कागदावर एक लहानशी वंशावळ काढायला सांगते. वर आजोबा, खाली आई आणि तिचा भाऊ, बाजूला वडील. त्यात एडिथला बसवा आणि प्रत्येक नातं त्या कागदावरून वाचा. दहा मिनिटांचं काम आहे.

हे मी आग्रहानं सांगते, कारण माझ्याकडून ते एकदा राहून गेलं होतं. सुरुवातीच्या वर्षांत मी एका कादंबरीत आंटला आत्या केलं. मुलीचे वडील तिच्याकडे सारखे सल्ल्याला जायचे, म्हणून मला ती त्यांची बहीण वाटली. अकराव्या प्रकरणात मुलीची आई आजारी पडते आणि ती तिला ‘माय सिस्टर’ म्हणते. मी तिथे ‘बाई गं’ असं काहीतरी सहज म्हणणं धरलं आणि पुढे गेले. पुस्तक छापून झालं. एका वाचकबाईंचं पोस्टकार्ड आलं. त्यात एकच प्रश्न होता: ‘ही आत्या आईची बहीण कशी?’ ते कार्ड मी अजून जपून ठेवलंय. तेव्हापासून मी पूर्ण पुस्तक वाचून, वंशावळ काढून झाल्याशिवाय पहिल्या पानाचं भाषांतर सुरू करत नाही.

पत्रातलं ते वाक्य तुम्ही ‘माझी नातेवाईक ते घर कधीच विकणार नाही’ असं केलंय. नातं ठाऊक नव्हतं म्हणून तुम्ही शब्द टाळलात, ते प्रामाणिक होतं. आता टाळायचं कारण उरलेलं नाही. पण ‘भावजय’ की ‘वहिनी’, हे कोणाला लिहिलंय यावर ठरेल. बाई वकिलाला किंवा परक्या माणसाला सांगताना ‘माझी भावजय’ म्हणेल. नवऱ्याशी बोलताना ‘वहिनी’ म्हणेल, किंवा मैत्रीण म्हणून नुसतं ‘एडिथ’. टॉमशी बोलताना ‘तुझी मामी’. आपण मुलांशी बोलताना नातं त्यांच्या बाजूनं उच्चारतो, स्वतःच्या बाजूनं नाही. तुमच्या कथेत ते पत्र नवऱ्याला आहे, आणि आईला तेव्हा राग आलेला आहे. मी लिहीन: ‘वहिनी काही ते घर विकू द्यायची नाही.’ एके काळच्या मैत्रिणीला रागात ‘एडिथ’ न म्हणता ‘वहिनी’ म्हणणं, यातच तिचं दुखणं येतं. इंग्रजीतल्या ‘सिस्टर-इन-लॉ’नं तेच साधलेलं आहे.

आता तू की तुम्ही. इंग्रजी ‘यू’ हे तुमच्यावर सोडून देतं. आपल्या घरांत मावशीला आणि आत्याला मुलं सरसकट ‘तू’ म्हणतात, कारण आई किंवा वडील त्यांना तसंच म्हणताना मुलांनी ऐकलेलं असतं. काकू आणि मामी लग्न होऊन आलेल्या असतात. मागच्या पिढीत त्यांना ‘तुम्ही’, ‘अहो काकू’, ‘मामी आल्या’ असंच म्हणत. आता पुण्यात बऱ्याच घरांत त्यांनाही ‘तू’ झालंय. टॉमचा जन्म एडिथच्या लग्नानंतरचा आहे, तिनं त्याला मांडीवर खेळवलेलं आहे, तो रात्री तिच्या कुशीत शिरतो. त्यानं ‘तू’ म्हणावं. ‘एडिथमामी, तू आईला का नाही बोलावलंस?’ यात ‘तुम्ही’ आणलंत, तर वाक्य गारठून जाईल. आणि नाव व नातं जोडून लिहा: एडिथमामी, जसं सुधामावशी, शैलाकाकू. सुटं लिहिलं की वाचताना नावापाशी उगाच थांबा पडतो.

तुमच्या कथेत पुरावे होते म्हणून उत्तर ठाम देता आलं. ते नेहमी इतके भक्कम नसतात. अलीकडच्या काळातल्या गोष्टींत बायका माहेरचंच आडनाव ठेवतात, मुलाला सावत्र वडिलांचं आडनाव लागलेलं असतं, आणि मग आडनावाचा हिशोब कोसळतो. तिथे सिस्टर-इन-लॉ, नेफ्यू, कझिन यांच्याभोवतीची वाक्यं, आजी-आजोबांची नावं, लग्नाच्या वा अंत्यविधीच्या प्रसंगात कोण कुठे उभं आहे, हे सगळं चाळावं लागतं. लेखक हयात असेल तर मी सरळ विचारते. बहुतेकांना या प्रश्नाचं नवल वाटतं आणि ते आनंदानं उत्तर देतात. काहीच मिळालं नाही, तर कुठला शब्द चुकला तर सगळ्यात कमी नुकसान होईल, तो घ्यायचा.

हे नुकसान सगळ्यात जास्त कुठे होतं तेही सांगते. जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांत कझिनांची लग्नं होतात. आंटचा मुलगा आणि नायिका शेवटी लग्न करतात, तिथे कोणाला काही वाटत नाही. महाराष्ट्रात अनेक समाजांत मुलानं मामाच्या मुलीशी लग्न करणं चालत आलेलं आहे. इरावती कर्वे यांनी डेक्कन कॉलेजात असताना भारतातल्या नातेव्यवस्थेवर जे इंग्रजी पुस्तक लिहिलं, ते १९५३ साली आलं. मामाची मुलगी करण्याच्या या चालीचा त्यात तपशीलवार विचार आहे. त्या चालीत मुलीची आत्याच तिची सासू होते. पश्चिम महाराष्ट्रात अशा लग्नाशिवायही अनेक सुना सासूला ‘आत्या’ आणि सासऱ्यांना ‘मामा’ म्हणतात, ते यातूनच. कन्नडमध्ये ‘अत्ते’ म्हणजे आत्या, मामी आणि सासू असे तिन्ही अर्थ होतात. महाराष्ट्री प्राकृतातही ‘अत्ता’ हा शब्द सासूसाठी येतो. आत्या या शब्दाच्या पोटात सासूपण किती जुनं आहे, हे त्यावरून दिसतं.

पण मावसभाऊ आणि चुलतभाऊ हे आपल्याकडे भाऊच. म्हणून कथेत नातं खरोखरच अस्पष्ट असेल आणि पुढे नायिका त्या आंटच्या मुलाशी लग्न करणार असेल, तर ‘आत्या’ घ्या. ‘मावशी’ लिहिलंत तर पंधराव्या प्रकरणात मराठी वाचक दचकेल, आणि मूळ लेखकानं त्याला तिथे दचकवलेलं नाही. मात्र दोघांच्या आया सख्ख्या बहिणी आहेत असं पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं असेल, तर मावशीच ठेवायची. वाचकाला बरं वाटावं म्हणून नातं बदलणं हे भाषांतरकाराचं काम नाही.

‘आंट’ किंवा ‘आंटी’ तसंच ठेवावं का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. माझं मत ठेवू नये असं. पुण्यात ‘आंटी’ म्हणजे इंग्रजी शाळेतल्या मित्राची आई, किंवा रिक्षाच्या रांगेत कोणीतरी मागून मारलेली हाक, जी बऱ्याच बायकांना बोचते. ते नातं नाही, तो वयाचा अंदाज आहे. टॉमच्या तोंडी ते घातलंत, तर मांडीवर खेळवलेली मामी परकी होऊन जाईल.

ज्या आंट नात्याच्याच नसतात, त्यांचं मात्र वेगळं. आईची जिवलग मैत्रीण ती नावासकट मावशी: सुधामावशी. वडिलांच्या मित्राची बायको काकू. शेजारीण काकू. पण नाव न लावता नुसतं ‘मावशी’ म्हटलं, की अर्थ पार बदलतो. मंडईत भाजी घेताना, दवाखान्यात, घरकामाला येणाऱ्या बाईंना आपण ‘मावशी’ म्हणतो, तेच हे नाव नसलेलं मावशी. त्यात आपुलकी आहे, पण समोरची कष्टाचं काम करणारी आहे हेही त्यातून कळतं. सोसायटीतल्या नव्या शेजारणीला तुम्ही ओळख होण्याआधी ‘मावशी’ म्हटलंत, तर त्या क्षणभर तुमच्याकडे बघत राहतील. ‘काकू’ म्हटलंत तर दार उघडून आत बोलावतील. शब्दकोशात दोन्हींसमोर ‘आंट’ लिहिलेलं असतं, पण एवढा फरक आहे.

आणि वाचक फक्त पुण्याचे नसतात. काकू हा आपल्याकडचा शब्द. कोकणात, मुंबईत ‘काकी’ ऐकू येतं. गावाकडे ओळख सांगताना ‘माझी चुलती’ म्हणतात, आणि विदर्भात वडिलांच्या मोठ्या भावाच्या बायकोला ‘मोठी आई’. तुमच्या कथेत काकू नाही, त्यामुळे हा प्रश्न तुम्हाला पडत नाही. मामी सगळीकडे मामीच आहे.

आता दुरुस्तीला बसाल, तेव्हा कॉम्प्युटरवर ‘मावशी’ शोधून सगळीकडे एकदम ‘मामी’ घालू नका. ‘मावसभाऊ’ त्यात सापडणार नाही, ‘पुतण्या’ आणि ‘काका’ही नाही. शिवाय बाराव्या पानावर बाजारात अंडी विकणारी म्हातारी आहे, तिला टॉम ‘आंटी’ म्हणतो आणि तुम्ही तिथे ‘मावशी’ लिहिलंय. ते अगदी बरोबर आहे, ते तसंच राहू द्या. सतराव्या पानावर शेजारची मुलगी एडिथला कुंपणावरून ‘आंटी एडिथ’ म्हणून हाक मारते. ती मुलगी कार्टरांच्या नात्यातली नाही. तिच्या तोंडी ‘एडिथकाकू’ येईल, आणि पुढच्याच ओळीत टॉम आत धावत जाऊन ‘मामी, तुला कोणीतरी बोलावतंय’ असं सांगेल.